गवती पाणवाट: घळ न पडू देता शेतातलं पावसाचं पाणी ओढ्यापर्यंत कसं न्यायचं

पुरंदर, शिरूर, दौंडच्या बाजूला मे महिन्यात फिरलं की दर वर्षी एक दृश्य दिसतं. जेसीबी लावून शेताच्या मधोमध सरळ, खोल चर काढलेला असतो. बांधांचे सांडवे त्यात सोडलेले असतात आणि कडेला मातीचे ढीग पडलेले असतात. त्याला ‘पाणवाट’ म्हणतात. जूनमध्ये वळवाचे दोन-तीन जोरदार पाऊस झाले की त्याच चराच्या तळाला पहिली चीर पडते. दिवाळीपर्यंत माणूस उभा राहील एवढी घळ झालेली असते आणि पुढच्या वर्षी ती वरच्या बांधापर्यंत चढते.

चूक बहुतेक वेळा पाणवाट काढण्यात नसते. आकार अंदाजाने घेतलेला असतो आणि कामांचा क्रम उलटा झालेला असतो. हा लेख एवढ्यापुरताच आहे: लागवडीखालच्या छोट्या पाणलोटातून जोरदार पावसात येणारं पाणी गवताच्या उथळ, रुंद पाणवाटेने खाली कसं उतरवायचं. समजायला सोपं जावं म्हणून सासवडच्या बाजूला शोभेल असं एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे: ६ हेक्टरचा पाणलोट, सुमारे ३ टक्के उतार, मध्यम काळी माती आणि दीड-दोन फुटांखाली मुरूम.

## १. पाणलोट चालून मोजा

पहिली चूक कागदावरच होते. शेतकऱ्याला विचारलं, पाणी किती क्षेत्राचं येतं, तर तो सातबाऱ्यावरचं क्षेत्र सांगतो. पाण्याला गटाची हद्द कळत नाही. शेजाऱ्याचं वरचं रान, माळाचा तुकडा, रस्त्याखालच्या मोरीतून येणारं पाणी, हे सगळं तुमच्याच पाणवाटेत येणार आहे. माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक पाणवाट मी अशीच बुडवली होती. वरच्या रस्त्याची मोरी उन्हाळ्यात झुडपांनी झाकलेली होती, ती माझ्या नजरेतून सुटली. पहिल्याच सप्टेंबरात पाणी दोन्ही काठांवरून वाहिलं आणि शेजारच्या कांद्याच्या रोपात गाळ बसला.

म्हणून जिथे पाणवाट संपणार आहे तिथून सुरुवात करा आणि दोन्ही बाजूंनी वर चढत पाणी कुठे वाटून जातं ती रेषा चालत जा. शक्य असेल तर एकदा भर पावसात चाला. छत्री घेऊन घातलेला तो एक तास नंतर कामाला येतो. चालताना मोबाइलवर जागा खुणावत गेलात की क्षेत्र बऱ्यापैकी मिळतं. उंचीसाठी मात्र मोबाइलवर विसंबू नका, त्यातली चूक पाणवाटेच्या खोलीपेक्षा कितीतरी मोठी असते. उतार हायड्रोमार्करने किंवा डंपी लेव्हलने मोजा.

तीन आकडे हातात हवेत. आपल्या उदाहरणात ते असे आहेत: क्षेत्र ६ हेक्टर, सर्वांत लांबून येणाऱ्या पाण्याची वाट ४०० मीटर, त्या वाटेवर उतरण १२ मीटर, म्हणजे ३ टक्के. पाणवाट स्वतः २५० मीटर लांबीची आहे आणि तिचे शेवटचे ३० मीटर ५ टक्के उताराचे आहेत. हे ३० मीटर लक्षात ठेवा, पुढे तेच त्रास देणार आहेत.

तपासा: पाणवाटेची रेषा जमिनीच्या नैसर्गिक खोलगट भागातूनच जाते ना? वाटणीचा बांध सांभाळायला म्हणून ती आडवी वळवलेली असेल तर मोठ्या पावसात पाणी जुन्या वाटेने जाईल आणि तुमची पाणवाट बाजूला राहील.

## २. कमाल प्रवाह काढा

पाणवाटेचा आकार वर्षभराच्या पावसावर ठरत नाही. सर्वांत जोराच्या थोड्या मिनिटांत किती पाणी येतं, त्यावर ठरतो. ‘आमच्याकडे पाऊसच कमी’ हे वाक्य पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात हमखास ऐकू येतं. वर्षाचा पाऊस कमी आहे हे खरंच आहे, पण वळवाची किंवा परतीच्या पावसाची वीस मिनिटांची झोड तिथेही तेवढीच जोरदार असते.

पाणलोटाच्या टोकापासून निघालेलं पाणी खाली पोहोचायला जितका वेळ लागतो, तितक्याच वेळाच्या पावसाची तीव्रता धरायची. तो वेळ किर्पिचच्या सूत्राने मिळतो. `L` म्हणजे वाटेची लांबी मीटरमध्ये, `S` म्हणजे उतार (३ टक्के म्हणजे ०.०३), आणि उत्तर मिनिटांत येतं.

```
tc = 0.0195 × L^0.77 × S^(-0.385)
tc = 0.0195 × 400^0.77 × 0.03^(-0.385) ≈ 7.6
```

म्हणजे साधारण ८ मिनिटं. आता दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या ८ मिनिटांच्या पावसाची तीव्रता हवी. हवामान खात्याकडे किंवा कृषी विद्यापीठाकडे तुमच्या जवळच्या केंद्राचे तीव्रता-कालावधीचे आलेख मागा. या उदाहरणापुरती मी तासाला १२० मिलिमीटर धरतो. तुमच्या गावाचा आकडा वेगळा असेल, हा उचलून वापरू नका.

पडलेल्या पावसातला किती भाग वाहून येतो त्याला अपधाव गुणांक म्हणतात. ५ टक्क्यांपर्यंतच्या उतारावरच्या चिकण-पोयट्याच्या लागवडीच्या रानाला ०.५ धरतात. हलक्या, रेताड जमिनीला तो ०.३ पर्यंत खाली येतो आणि घट्ट चिकण मातीला ०.६ पर्यंत वर जातो. खालच्या सूत्रात `C` म्हणजे हा गुणांक, `I` म्हणजे पावसाची तीव्रता तासाला मिलिमीटरमध्ये आणि `A` म्हणजे क्षेत्र हेक्टरमध्ये.

```
Q = C × I × A / 360
Q = 0.5 × 120 × 6 / 360 = 1.0
```

उत्तर सेकंदाला १ घनमीटर, म्हणजे १,००० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर दहा सेकंदांत रिकामा व्हावा आणि असे टँकर एकामागून एक येत राहावेत, असा हा लोंढा आहे. जेसीबीच्या एका बकेटच्या रुंदीचा चर त्याला कसा पुरेल?

सावधान: तलाठ्याकडे किंवा मंडळात मिळणारा पाऊस दिवसभराचा असतो. १०० मिलिमीटरला २४ ने भागून तासाला ४ मिलिमीटर धरणारे हिशेब मी पाहिले आहेत. त्याने वरचा प्रवाह तिसाव्या हिश्श्यावर येतो आणि कागदावर फूटभर रुंदीचा चरही पुरेसा दिसतो.

## ३. आधी वेग ठरवा, मग रुंदी

अनेक जण रुंदी ठरवतात आणि मग पाणी मावतं का ते बघतात. पाणी मावलं तरी घळ पडते, कारण माती उचलतो तो वेग. म्हणून आधी वेगाची मर्यादा ठरवायची आणि ती पाळणारा आकार शोधायचा.

नीट बसलेली हरळी ५ टक्क्यांपर्यंतच्या उतारावर, सहज धुपणाऱ्या मातीतही सेकंदाला दीड मीटर किंवा थोडा जास्त वेग सोसते. मी मात्र आपल्याकडे १.२ च धरतो. पाणवाटेतलं गवत कधीच सगळीकडे सारखं दाट नसतं, गुरं चरतात, एखादा कोपरा सुकतो, आणि प्रवाह त्या कच्च्या जागेतूनच माती उचलायला लागतो.

वेगाचं सूत्र मॅनिंगचं:

```
V = (1/n) × R^(2/3) × S^(1/2)
```

यात `n` म्हणजे गवताचा खरखरीतपणा. आखूड कापलेल्या गवताला ०.०४ धरा. `R` म्हणजे प्रवाहाचं क्षेत्रफळ भागिले ओला परीघ. उथळ, बशीसारख्या पाणवाटेत तो खोलीच्या दोन-तृतीयांश धरला तरी चालतो. वेग १.२ आणि उतार ०.०३ घालून `R` येतो ०.१४६ मीटर, म्हणजे पाण्याची खोली २२ सेंटिमीटर. प्रवाहाचं क्षेत्रफळ हवं १ भागिले १.२, म्हणजे ०.८३ चौरस मीटर. बशीच्या आकाराचं क्षेत्रफळ रुंदी × खोली × २/३ असतं, त्यातून पाण्याची रुंदी ५.७ मीटर निघते.

इथेच थांबलात तर दुसरी चूक होते. वरचा हिशेब आखूड गवताचा होता, कारण वेग तेव्हाच सर्वांत जास्त असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात गवत गुडघ्याला लागतं, पाणी अडतं, हळू होतं आणि वर चढतं. तेव्हा `n` ०.०६ धरून पुन्हा बघा: त्याच बशीत पाणी साधारण २७ सेंटिमीटरपर्यंत येतं आणि वेग ०.९ वर उतरतो. धूप होणार नाही, पण काठ तेवढा उंच हवा. त्यावर १५ सेंटिमीटर मोकळी उंची ठेवा. एकूण खोली ४२ सेंटिमीटर आणि काठापासून काठापर्यंतची रुंदी ८ मीटर.

‘आठ मीटर?’ हा प्रश्न येतोच, आणि शेतकऱ्याच्या जागी मीही तोच विचारेन. अख्ख्या २५० मीटरला आठ मीटर धरले तर जवळपास अर्धा एकर जातो. पण वरच्या निम्म्या भागात पाणीही निम्मंच असतं. पहिले १२० मीटर साडेचार मीटर रुंदी पुरते, पुढे हळूहळू वाढवत आठवर न्यायचं. असं केलं की एकूण जागा साडेतेरा गुंठ्यांच्या आसपास येते. त्या जागेत चारा येतो आणि काठाचा चढ इतका सपाट असतो की जमीन वाळलेली असताना ट्रॅक्टर आडवा सहज पार होतो.

तपासा: खोली वाढवून रुंदी वाचवायचा मोह झाला तर हिशेब पुन्हा करा. खोली वाढली की वेग वाढतो. तुम्ही वाचवलेली जागा पुढे घळीत जाते.

## ४. खालच्या टोकापासून सुरुवात करा

घळ वरून खाली जात नाही, खालून वर चढते. पाणवाट ओढ्याला जिथे मिळते तिथे ओढ्याचा तळ दोन फूट खोल असेल, तर पाणी तिथे उडी मारतं, खाली खड्डा करतं, काठ पोखरतो, ढासळतो आणि तो ढासळलेला कडा दर पावसात मागे सरकत पाणवाटेत शिरतो. वर हरळी कितीही दाट असो, खालून पोखरलेली माती मुळांसकट खाली येते. म्हणून टोकाचं दगडी काम पूर्ण झाल्याशिवाय वर खोदाई सुरू करू नका.

आता ते शेवटचे ३० मीटर. ५ टक्के उतारावर तीच बशी ठेवली तर वेग १.४ च्या वर जातो, म्हणजे आपण ठरवलेल्या मर्यादेबाहेर. रुंदी वाढवून वेग आवरायचा तर काठासकट साडेबारा मीटर लागतात. त्यापेक्षा उतारच मोडावा. ३० मीटरमध्ये जमीन दीड मीटर उतरते. ३ टक्क्यांनी ती ०.९ मीटरच उतरली पाहिजे. उरलेले ६० सेंटिमीटर ३०-३० च्या दोन दगडी पायऱ्यांनी उतरवा आणि मधला भाग ३ टक्क्यांवर आणा.

पायऱ्या जाळीत बांधलेल्या दगडांच्या, म्हणजे गॅबियनच्या, किंवा सिमेंटच्या बांधकामाच्या करा. माथा पाणवाटेच्याच बशीसारखा मधे खोलगट आणि तेवढाच रुंद ठेवा. अरुंद ठेवला की पाणी कडेने वाट काढतं. दोन्ही टोकं काठात किमान अर्धा मीटर आत घ्या आणि पायरीखाली पाणी पडतं तिथे दगडी फरशी करा.

सावधान: नुसते सुटे दगड रचून पायरी करू नका. १,००० लिटरचा लोंढा दगडांमधून मागची माती ओढून नेतो. वरून पायरी जागेवर दिसते आणि मागे पोकळी झालेली असते.

## ५. खोदाई

योग्य वेळ खरीप निघाल्यानंतरची, किंवा फेब्रुवारी-मार्च. मे महिना उशिराचा.

आधी वरची १५ सेंटिमीटर माती काढून बाजूला लावा. ही पायरी जवळपास सगळे वगळतात. पुरंदरकडच्या रानात थोडं खाली गेलं की मुरूम लागतो आणि मुरमावर हरळी धड धरत नाही. ठरलेल्या आकारापेक्षा १५ सेंटिमीटर जास्त खोदा आणि तीच माती परत पसरा.

बशीचा आकार डोळ्यांनी साधत नाही. मधली रेषा दोरीने आखा आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना खुंट्या मारा. आठ मीटरच्या भागासाठी तळापासूनच्या उंच्या अशा:

- मध्यापासून १ मीटरवर: २.६ सेंटिमीटर
- २ मीटरवर: १०.५ सेंटिमीटर
- ३ मीटरवर: २३.६ सेंटिमीटर
- ४ मीटरवर (काठ): ४२ सेंटिमीटर

दर २० मीटरला अशा खुंट्या मारल्या की ऑपरेटरला समजावून सांगावं लागत नाही. शेवटची सफाई ब्लेडने किंवा फावड्याने करा. तळाशी बकेटच्या दातांची लांबट रेघ राहिली तर पहिलं पाणी त्याच रेघेत धरतं.

जुनी ओघळ वाटेत असेल तर ती एकाच वेळी भरून टाकू नका. १५-१५ सेंटिमीटरचे थर, पाणी मारून, धुमसून. सैल भरलेली ओघळ पहिल्या पावसात बसते आणि नेमकी बशीच्या मध्यभागी नाली तयार होते.

निघालेली जास्तीची माती काठावर ढीग करून ठेवू नका. तो ढीग बाजूच्या शेतातलं पाणी आत येऊ देत नाही. मग ते पाणी काठाला लागून बाहेरूनच वाहतं आणि गवताच्या शेजारी नवी घळ पाडतं. ही माती दूर, शेतातल्या खोलगट जागी पसरा.

## ६. हरळी लावा

हरळीचं नाव काढलं की शेतकरी दचकतो, कारण आयुष्यभर ती खणून काढण्यात गेलेली असते. पण जी चिवट, जमिनीलगत पसरणारी मुळी रानात नको असते, तीच इथे हवी असते. शेतात शिरू नये म्हणून काठाबाहेर एक मीटरचा पट्टा ठेवा आणि तिथे मारवेलसारखं झुडूपवजा वाढणारं चाऱ्याचं गवत लावा. तळाला मात्र असं गवत नको. दोन थोंबांमधून पाणी जोरात निघतं आणि थोंबांच्या मधली माती जाते.

शेणखत मिसळा. बांधावरून खणलेल्या हरळीच्या मुळ्या तीन-चार डोळ्यांच्या तुकड्यांत तोडा आणि २०-२५ सेंटिमीटरवर, उताराला आडव्या ओळींत लावा. उभ्या ओळी केल्या की दोन ओळींमधली जागा नालीसारखी वागते. दर १५ मीटरला मातीसकट काढलेल्या हरळीच्या लाद्यांचा एक आडवा पट्टा काठापासून काठापर्यंत बसवा, तळाच्या पातळीत, वर आलेला नको. वर आला तर पाणी त्याला वळसा घालून जातं. उरलेल्या जागेवर भाताचा पेंढा किंवा उसाचं पाचट पसरून सुतळीने आणि खुंट्यांनी दाबून धरा. पाणी तुषार सिंचनाने द्या. पाइपने सोडलेलं पाणी मुळ्या उघड्या पाडतं.

## ७. पाणी कधी सोडायचं

सगळ्यांत जास्त पाणवाटा इथेच जातात, म्हणून हे सावकाश वाचा.

नुकत्याच खोदलेल्या, उघड्या बशीत ३ टक्के उतारावर अवघं १० सेंटिमीटर पाणी आलं तरी, माती गुळगुळीत असल्यामुळे, वेग सेकंदाला १.१ मीटरच्या पुढे जातो. उघडी माती साधारण ०.६ पर्यंतच तग धरते. म्हणजे पूर्ण लोंढ्याची गरजच नाही. घोट्याएवढं पाणीही दुप्पट वेगाने तळ खरवडतं. त्या अवस्थेत आपला हिशेब बरोबर असून काही उपयोग नसतो, कारण तो सगळा हिशेब गवताच्या भरवशावर केलेला आहे.

म्हणून बांधांचे सांडवे पाणवाटेत पहिल्या दिवशी उघडायचे नाहीत. जुनी वाट असेल तर पहिल्या पावसाळ्यात पाणी तिनेच जाऊ द्या. नसेल तर पाणवाटेच्या वरच्या टोकाला तात्पुरता बांध घालून पाणी बाजूच्या चराने फिरवा आणि त्या चरात थोड्या-थोड्या अंतरावर वाळूच्या गोण्या आडव्या ठेवा. पाणवाटेवर फक्त तिच्या अंगावर पडलेला पाऊस वाहिला पाहिजे.

ऑक्टोबरात पाणी दिलेली हरळी पुढच्या जूनपर्यंत बरीच पसरते. जूनमध्ये लावलेल्या हरळीला मात्र पूर्ण पावसाळा द्या. ‘यंदाच सोडू, गवत वाढतंच आहे’ असा आग्रह होतो, आणि कधी कधी पाऊस मंद राहून ते निभावतंही. त्यावर विसंबू नका.

तपासा: एक मीटर लांब-रुंद चौकट काठीने आखा आणि पाणवाटेत दहा ठिकाणी टाकून बघा. जिथे चौकटीत तळहाताहून मोठी उघडी माती दिसते, तिथे आणखी मुळ्या लावा. मग हाताने गवत उपटून बघा. मुळी तुटली पण माती हलली नाही, तर गवत बसलं आहे. मातीचा गोळा अलगद निघून आला, तर अजून थांबा.

सगळे सांडवे एकदम उघडू नका. खालचा बांध आधी, एका पावसानंतर पाहणी, मग त्याच्या वरचा.

## ८. पहिल्या दोन पावसाळ्यांत काय बघायचं

जोरदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी पाणवाट खालून वर चालत जा. गवत एकसारखं खाली झोपलेलं दिसलं तर प्रवाह रुंदीभर पसरला होता. मधोमध हातभर पट्टाच झोपलेला असेल तर तिथे नाली होऊ लागली आहे. माती भरून धुमसा आणि त्याच दिवशी लादी बसवा. गवतात गाळ साचून उंचवटा झाला असेल तर तो काढून टाका, कारण पुढच्या वेळी पाणी त्याला वळसा घालून काठ कापेल.

परतीच्या पावसानंतर तळातून डिसेंबरपर्यंत बारीक झरा वाहत राहिला तर हरळी कुजते आणि त्या ओल्या पट्ट्यात लव्हाळा येतो. अशा ठिकाणी मधल्या रेषेखाली फूटभर खोल नाली काढून दगडगोटे भरा, वर जाळीदार कापड टाका आणि मातीने झाकून पुन्हा हरळी लावा. पाणी खालून निघून जातं आणि वरचं गवत कोरडं राहतं.

गवत दहा ते पंधरा सेंटिमीटर राहील असं कापा आणि कापलेलं उचलून न्या. पडून राहिलेलं गवत पुढच्या पायरीच्या माथ्यावर अडकतं. ओली जमीन असताना गुरं सोडू नका; खुरांच्या खड्ड्यांतून धूप सुरू होते. काठाच्या शेजारी तणनाशक फवारायचं असेल तर वारा बघा. पाणवाटेचा रस्ता होऊ देऊ नका, बैलगाडीच्या दोन चाकोऱ्याही पुरेशा असतात.

नांगरट करताना औत काठाच्या एक मीटर अलीकडे उचला. काठाला समांतर शेवटचं तास पडलं की बाजूचं पाणी त्या तासातूनच धावतं. वापसा आल्यावर नांगराचा ट्रॅक्टर रानात शिरण्याआधी काठाने पांढऱ्या रंगाच्या खुंट्या मारा, कारण ट्रॅक्टर बहुतेक वेळा भाड्याचा असतो आणि चालवणाऱ्याला पाणवाट कुठे सुरू होते ते माहीत नसतं.